दोन टोकांची गाठ

कस्तुरीचा वास घराघरांत पोचलेला आहे, पण तो वास देणारा रेणू दिसतो कसा, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कार्बनचे पंधरा अणू हातात हात घालून गोल उभे आहेत, त्यांतल्या एकाच्या खांद्यावर ऑक्सिजनचा एक अणू बसला आहे आणि त्याच्यापासून दुसऱ्या जागेवर एक छोटा मिथिल गट लोंबतो आहे, एवढीच त्याची मूर्ती. त्याचे नाव मस्कोन. १९२६ साली स्वित्झर्लंडमध्ये लिओपोल्ड रुझिच्का या रसायनज्ञाने ही मूर्ती ओळखली, तेव्हा विद्वानांना मोठा धक्का बसला. पाच-सहा अणूंची वलये सृष्टीत भरपूर सापडतात, पण पंधरा-सतरा अणूंचे वलय म्हणजे आतून ताणलेले, टिकू न शकणारे असणार, असा चाळीस वर्षांचा समज होता. कस्तुरीमृगाला मात्र त्या समजाची वार्ता नव्हती!

मोठे वलय टिकते हे कळले, पण ते करायचे कसे? वलय करायचे म्हणजे आधी लांब साखळी घ्यायची आणि तिची दोन टोके एकमेकांना जोडायची. कागदावर हे अगदी सोपे. प्रत्यक्षात पंधरा दुव्यांची साखळी विद्रावकात सतत वळवळत असते. तिचे एक टोक स्वतःच्याच दुसऱ्या टोकाला नेमके गाठील, याची शक्यता कमी. त्याच्याआधी शेजारच्या साखळीचे टोक त्याला गाठते, मग तिसरीचे, चौथीचे, आणि वलयाऐवजी हाती येतो चिकट राळेसारखा गुंता. रुझिच्काने कार्बनी आम्लांचे थोरियमचे क्षार तापवून वलये केली खरी, पण पंधरा-सोळा अणूंच्या वलयाचे उत्पादन शेकड्यात जेमतेम काही निघे. पुढे १९३३ च्या सुमारास कार्ल झीग्लरने विरलतेची युक्ती हाती घेऊन यश मिळवले. साखळ्या इतक्या पातळ द्रावात सोडायच्या की शेजारीण भेटूच नये. आपल्याच टोकाखेरीज कोणी जवळ नसले की साखळी नाइलाजाने स्वतःला मिठी मारते. युक्ती खरी, पण तिची किंमत पिंपेच्या पिंपे विद्रावक. मोठ्या वलयांच्या इतिहासात ही विरलता पिशाच्चासारखी मानगुटीवर बसलेली आहे. ती आपल्याला पुढेही भेटेल.

या गाठीसाठी पुढे जे साधन सापडले, त्याचा जन्म मात्र कस्तुरीच्या आसपास झाला नाही, तो तेलाच्या कारखान्यांत झाला. कार्बनचे दोन अणू जेव्हा एकेका बंधाने न जोडता दोन-दोन बंधांनी जोडलेले असतात, तेव्हा त्या संयुगाला ऑलेफिन म्हणतात. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील तेल व रसायन कंपन्यांतल्या संशोधकांना असे आढळू लागले की, काही धातूंच्या सान्निध्यात ऑलेफिने अदलाबदल करतात. फिलिप्स कंपनीतील बँक्स आणि बेली यांनी १९६४ साली ते प्रसिद्ध केले: तीन कार्बनांचे प्रोपिलिन आत घातले तर दोन कार्बनांचे आणि चार कार्बनांचे ऑलेफिन बाहेर येई. गुडइयर कंपनीच्या कॅल्डेरॉनने १९६७ साली या प्रकाराला ऑलेफिन मेटॅथेसिस असे नाव दिले. मेटॅथेसिस म्हणजे स्थानांतर. कॅल्डेरॉनच्या मंडळींनी साधे हायड्रोजन असलेले ऑलेफिन आणि जड हायड्रोजन असलेले तेच ऑलेफिन एकत्र करून पाहिले. अर्धे साधे, अर्धे जड असे रेणू तयार झाले. म्हणजे द्विबंध मधोमध तुटत होता आणि दोन अर्धी नवे सोबती शोधत होती.

हे घडते कसे, याचे बरोबर उत्तर १९७१ साली पॅरिसजवळच्या फ्रेंच पेट्रोलियम संस्थेतील ईव्ह शोव्हँ आणि त्यांचे विद्यार्थी एरिसाँ यांनी दिले. ते समजावून देताना पाश्चात्य लेखक जोडीदार बदलणाऱ्या नृत्याचा दाखला देतात. आपल्याला त्याची गरज नाही, आपल्याकडे फुगडी आहे. द्विबंध म्हणजे फुगडी घालणाऱ्या दोन मुली. दोघींचे दोन्ही हात एकमेकींत गुंफलेले. आता समजा, दुसरी एक जोडी आहे, पण तिच्यात एक मुलगी कार्बनची आणि दुसरी धातूची. धातू आणि कार्बन यांच्या या जोडीला कार्बीन म्हणतात. ही जोडी पहिल्या जोडीजवळ येते. प्रत्येकीने एक-एक हात सोडला आणि शेजारणीचा धरला की चौघींचे छोटे कडे होते: धातू, कार्बन, कार्बन, कार्बन. क्षणभर हे कडे फिरते. मग ते फुटते, पण फुटताना जुन्या जागी न फुटता आडवे फुटते. धातूची मुलगी नव्या कार्बनीला घेऊन निघून जाते, आणि तिची जुनी सोबतीण उरलेल्या कार्बनीबरोबर फुगडी घालू लागते. शोव्हँपूर्वी सगळे समजत होते की, दोन ऑलेफिने धातूच्या अंगणात येऊन आपसात देवघेव करतात आणि धातू नुसता पाहत असतो. शोव्हँ म्हणाले, धातू स्वतः खेळात आहे.

एवढे कळल्यावर वलयाची गोष्ट आपोआप सुचते. लांब साखळीच्या दोन्ही टोकांना द्विबंध ठेवा. धातूची कार्बीन येऊन एक टोक पकडते. आता साखळीच्या एका टोकाला धातू आहे आणि दुसरे टोक जवळपास वळवळते आहे. ते धातूला भेटले की चौघींचे कडे होते, ते आडवे फुटते, आणि साखळीची दोन टोके एकमेकींचे दोन्ही हात धरून उभी राहतात. वलय बंद! धातू टोकाचा एक सुटा कार्बन घेऊन पुढच्या साखळीकडे जातो. दोन सुट्या कार्बनांची मिळून जी जोडी शेवटी बाहेर पडते ती एथिलीन वायूची. हा तोच वायू, ज्याच्यामुळे अढीतला आंबा पिकतो. तो वायू असल्यामुळे भांड्यातून उडून जातो, आणि गेलेली सोबतीण परत न आल्याने वलय पुन्हा उघडण्याचे कारण उरत नाही. वलय बंद करणाऱ्या मेटॅथेसिसचे अर्धे यश या पळून जाणाऱ्या वायूत आहे असे मला वाटते. बाकीचे अर्धे धातूत.

धातू कोणता, यावरच वीस वर्षे गेली. टंगस्टन आणि मॉलिब्डेनम कामाला फार चलाख. अमेरिकेतील रिचर्ड श्रॉक यांनी मॉलिब्डेनमच्या सुरेख कार्बीन तयार केल्या. परंतु त्या सोवळ्या! हवा लागली, पाण्याचा अंश लागला, साखळीवर एखादा अल्कोहोलाचा किंवा आम्लाचा गट असला की त्या कार्बनला सोडून ऑक्सिजनच्या मागे लागत आणि संपत. औषधाचा किंवा सुगंधाचा रेणू तर अशा गटांनी भरलेला असतो. येथे रुथेनियम उपयोगी पडले. प्लॅटिनमच्या गोतावळ्यातला हा दुर्मिळ धातू. १८४४ साली कझान येथे कार्ल क्लाउस याने उरलच्या खनिजात शोधला आणि रशियाच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव ठेवले. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट ग्रब्ज आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस नोवाक यांना १९८८ साली दिसले की, रुथेनियमचा साधा क्लोराइड चक्क पाण्यात ऑलेफिनांची अदलाबदल घडवतो, एवढेच नव्हे तर तेच पाणी पुन्हा वापरले तर काम अधिक लवकर होते. रुथेनियमला ऑक्सिजनचे वेड नाही; त्याचे मन कार्बनच्या द्विबंधातच अधिक रमते. १९९२ साली सॉनबिन गुयेन या विद्यार्थ्याने रुथेनियमची पहिली नीट ओळखता येणारी कार्बीन केली, १९९३ साली ती ग्रेगरी फू यांच्याबरोबर वलये बंद करण्यास लावली, आणि १९९५ मध्ये ग्रब्ज यांच्या प्रयोगशाळेतून ती जांभळी पूड बाहेर पडली जी आज बाटलीत विकत मिळते आणि उघड्या हवेत वजन करता येते. १९९९ मध्ये तिच्यावरचा एक फॉस्फरसाचा गट काढून तेथे नायट्रोजनचे कार्बीन-वलय बसवल्यावर तिची शक्ती अनेक पटींनी वाढली. त्याच वर्षी बोस्टनजवळ आमीर होवेडा यांनी कार्बीनला ऑक्सिजनचा एक आकडा जोडला. काम संपल्यावर धातूला परत येऊन टेकायला तो जणू खुंटी ठरावा. २००५ चे नोबेल पारितोषिक शोव्हँ, ग्रब्ज आणि श्रॉक यांना मिळून देण्यात आले.

आता या सगळ्याची खरी कसोटी जेथे लागली ती हकीकत सांगतो. हिपॅटायटिस सी हा यकृत पोखरणारा आजार. त्याचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. हा विषाणू पेशीत शिरून आपली सगळी प्रथिने एका लांब पट्ट्यात विणतो आणि मग एका कातरीने त्या पट्ट्याचे तुकडे करतो. कातर बोथट केली की विषाणू वाढत नाही. पण या कातरीचे पाते फार उथळ. त्यात बसेल असा साधा, सैल रेणू टाकला तर तो घसरून जातो, कारण मोकळी साखळी असंख्य आकार घेत असते आणि त्यांतला एकच आकार पात्यात बसतो. ब्योरिंगर इंगेलहाइम कंपनीच्या कॅनडातील शाखेत संशोधकांनी विचार केला की, साखळी पात्यात ज्या आकारात बसते त्याच आकारात तिला आधीच बांधून ठेवावी. त्यासाठी त्यांनी पंधरा अणूंचे वलय योजले, कस्तुरीएवढेच! फक्त येथे ते अमिनो आम्लांच्या तीन तुकड्यांचे होते. मधला तुकडा हायड्रॉक्सिप्रोलिनचा, एका बाजूला नऊ कार्बनांच्या अमिनो आम्लाची लांब शेपटी, जिच्या टोकाला द्विबंध, आणि दुसऱ्या बाजूला तीन कार्बनांच्या चिमुकल्या ताणलेल्या वलयावर बसलेला दुसरा द्विबंध. हे दोन द्विबंध रुथेनियमने जोडायचे. औषधाचे नाव बीआयएलएन २०६१. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोग्यांना ते फक्त दोन दिवस दिले, आणि बहुतेकांच्या रक्तातला विषाणू शंभर ते हजार पटींनी उतरला. असा परिणाम तोवर कोणी पाहिला नव्हता.

चाचण्या वाढवायच्या तर औषध किलोंनी हवे. येथे प्रयोगशाळेची मौज संपते आणि भट्टीचे राज्य सुरू होते. पहिल्या पद्धतीत साखळी टोल्युइनमध्ये शतांश मोलर एवढ्या पातळपणाने सोडत. सामान्य भाषेत सांगायचे तर लिटरमागे सहा-सात ग्रॅम. म्हणजे एक किलो माल करायला दीडशे लिटर टोल्युइन, आणि वीस किलोंना तीन हजार लिटर. झीग्लरचे पिशाच्च आले पाहा! तपमान ऐंशी अंशांच्या आसपास, आणि साखळीच्या शंभर रेणूंमागे रुथेनियमचे तीन ते पाच रेणू. रुथेनियम महाग, शिवाय गोळीत त्याचा अंश राहून चालत नाही, म्हणून शेवटी गंधकयुक्त पदार्थाने धरून ते धुऊन काढावे लागे. एक किलो साखळीतून सुमारे सदतीस लिटर एथिलीन निघते. ते बाहेर जाण्याची वाट नीट नसली तर काम अडते.

काम अडले आहे हे ओळखायचे कसे? भांड्यातून थोडा द्राव काढून त्यातील रेणूंची वजने पाहतात. अपेक्षित वलयाचे वजन साखळीपेक्षा अठ्ठावीसने कमी यायला हवे, कारण एथिलीनचे वजन तेवढेच. त्याच्या दुप्पट वजनाचा माल दिसला तर दोन साखळ्या एकमेकींना जुळल्या, द्राव दाट झाला असे समजावे. अपेक्षेपेक्षा चौदाने कमी वजन दिसले तर गोष्ट अधिक लबाडीची असते: रुथेनियम थकून मोडले आहे, आणि मोडलेल्या रुथेनियमने द्विबंध एक घर आत सरकवला आहे. मग वलय पंधराऐवजी चौदा अणूंचे होते. आणि साखळी जशीच्या तशी पडून राहिली तर समजावे की रुथेनियमला कोणीतरी विष घातले.

हे विष प्रत्यक्षातही सापडले. मोठ्या भांड्यात काम करताना एकदा वलय बंद होईचना. साखळी तीच, उत्प्रेरक तोच, तपमान तेच. शोध घेता टोल्युइनमध्ये मॉर्फोलिन या नायट्रोजनयुक्त द्रव्याचा अल्प अंश आढळला. मॉर्फोलिनचा नायट्रोजन रुथेनियमला चिकटून बसतो आणि कार्बीन मोडून टाकतो. एवढ्या मोठ्या पातेल्यातला तो अंश आपल्याला क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करून पाहा: द्राव जेवढा पातळ तेवढे टोल्युइन अधिक, आणि त्यातले विष साखळीच्या मानाने अधिक, रुथेनियम मात्र मोजकेच. म्हणजे विरलतेने साखळ्यांना एकमेकींपासून वाचवले आणि रुथेनियमला विषाच्या तोंडी दिले. उपाय घरगुती म्हणावा इतका साधा. मॉर्फोलिन अल्कधर्मी असल्यामुळे सौम्य आम्लाच्या पाण्याने घुसळले की पाण्यात उतरते. या अडचणी ओलांडून त्या कारखान्यात शेकडो किलो वलय तयार झाले. औषधासाठी एवढ्या प्रमाणावर ही क्रिया तोवर कोठे झाली नव्हती.

पण लिटरला सहा ग्रॅम ही लाजिरवाणी गोष्ट होती, आणि कंपनीच्या अमेरिकेतील रसायनज्ञांना ती स्वस्थ बसू देईना. त्यांनी रुथेनियमकडे न पाहता साखळीकडे पाहिले, आणि मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत आवडतो. त्यांना आढळले की रुथेनियम चुकीच्या टोकाला आधी पकडते. ते छोट्या तीन-कार्बनी वलयावरच्या द्विबंधाला धरते, आणि तेथे शेजारीच असलेल्या एस्टरच्या ऑक्सिजनला टेकून आरामात बसते. असे आरामात बसलेले रुथेनियम पुढे हलायला वेळ लावते. शिवाय तयार होणाऱ्या वलयात ताण आहे, म्हणून पातळ द्रावाशिवाय ते बंद होत नाही. दोन्ही दुखण्यांवर एकच औषध निघाले: तेथल्या अमाइडच्या नायट्रोजनवर बॉक नावाचा एक जाडजूड गट बसवणे. हा रसायनज्ञांच्या रोजच्या वापरातला गट. काम झाल्यावर आम्लाने काढता येतो. तो बसल्यावर त्या टोकाची जागा अडचणीची झाली, रुथेनियम मुकाट्याने लांब शेपटीचे मोकळे टोक धरू लागले, आणि साखळीचा बाकही असा झाला की बंद वलयातला ताण उतरला. आता द्राव वीस पट दाट करता आला, लिटरला शंभराहून अधिक ग्रॅम. शंभरात तीन-पाच रुथेनियमऐवजी हजारात एक पुरू लागले. आणि तासन् तास चालणारे काम उकळत्या टोल्युइनमध्ये अर्ध्या तासात उरकू लागले. २००८-०९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. वलय कठीण असेल तर उत्प्रेरक बदलावा, असा त्या काळी बहुतेकांचा कल होता. येथे साखळीची बसण्याची पद्धत बदलून जे साधले, ते नव्या उत्प्रेरकाने तेवढे साधले नसते, असे आकडे सांगतात.

तोवर औषध मात्र गेले होते. माकडांना चार आठवडे मोठ्या मात्रेत दिल्यावर त्यांच्या हृदयावर इजा दिसली, आणि बीआयएलएन २०६१ चा पुढचा प्रवास थांबला. वलयाची कल्पना मात्र मेली नाही. चौदा अणूंचे वलय असलेले सिमेप्रेव्हिर रुथेनियमनेच बांधले गेले आणि २०१३ साली अमेरिकेत मंजूर झाले. याच आजारावरची पुढची वलयांकित औषधे आली तेव्हा काहींत प्रथम वलय रुथेनियमनेच बंद केले होते. पण २०१७ साली मंजूर झालेल्या ग्लेकाप्रेव्हिरच्या बाबतीत, माल टनांनी लागणार असे दिसल्यावर रसायनज्ञांनी हिशेब पुन्हा मांडला. विरलता, धातूचा खर्च आणि धातू धुऊन काढण्याचा व्याप एका बाजूला ठेवला, आणि आधीच द्विबंध असलेला तुकडा घेऊन वलय दुसऱ्याच ठिकाणी, साध्या ऑक्सिजनच्या बंधाने बंद केले. तेथे रुथेनियमला रजा मिळाली. सिमेप्रेव्हिरही २०१८ साली अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले, कारण तोवर कमी त्रासाची आणि अधिक खात्रीची औषधे रोग्यांच्या हाती पडली होती.